वर जाणारा बाण आणि हातातलं इन्सुलिनचं पेन



मागच्या काही महिन्यांत आपल्या गटांतल्या तीन-चार घरांत दंडावर लावायचा साखरेचा सेन्सर आला आहे. पाच रुपयांच्या नाण्यापेक्षा थोडी मोठी चकती. दर वेळी बोट टोचायला नको, मोबाईल जवळ नेला की आकडा दिसतो. पण आकड्याशेजारी एक बाणही दिसतो, आणि खरा गोंधळ त्या बाणाने होतो. बाण वर गेला की घरात धावपळ सुरू होते. आई म्हणते, साखर वाढतेय, आणखी दोन युनिट घे. आज त्या वर जाणाऱ्या बाणाबद्दलच बोलू.

आधी बाण काय सांगतो ते समजून घेऊ. आकडा म्हणजे साखर आत्ता कुठे आहे. बाण म्हणजे ती कुठे चालली आहे आणि किती वेगाने. आपल्याकडे जास्त दिसणाऱ्या लिब्रे सेन्सरवर पाच बाण असतात. आडवा बाण म्हणजे साखर जवळजवळ जागेवर आहे. तिरका वर म्हणजे दर मिनिटाला एक ते दोन अंकांनी वाढतेय. सरळ वर म्हणजे मिनिटाला दोन अंकांपेक्षाही वेगाने वाढतेय. खाली जाणाऱ्या दोन बाणांचंही असंच, उलट दिशेने. दुसऱ्या कंपनीच्या सेन्सरवर बाणांचा अर्थ थोडा वेगळा असू शकतो, तो डब्यातल्या कागदावर पाहून घ्या.

याचा हिशोब सोपा आहे. आत्ता साखर १८० आहे आणि बाण तिरका वर आहे. हाच वेग राहिला तर अर्ध्या तासाने ती २१० ते २४० च्या मध्ये असेल. मात्र ‘वेग राहिला तर’ हे शब्द विसरू नका. बाण मागच्या काही मिनिटांवरून काढलेला असतो. तुम्ही इन्सुलिन कधी घेतलं, जेवलात कधी, हे त्याला ठाऊक नसतं. ते तुम्हालाच ठाऊक असतं.

आणखी एक गोष्ट. सेन्सर रक्तातली साखर मोजत नाही, कातडीखालच्या पाण्यातली मोजतो. रक्तातला बदल तिथे पोचायला पाच-दहा मिनिटं लागतात. म्हणून साखर वेगाने चढत असताना रक्तात ती सेन्सरपेक्षा थोडी जास्त असते, आणि उतरत असताना थोडी कमी. सेन्सर एक सांगतो आणि अंगाला वेगळंच वाटतंय, घाम फुटलाय, हात थरथरतायत, अशा वेळी हात साबणाने धुऊन बोट टोचून पाहा.

आता एक दिवस नीट पाहू. उदाहरणासाठी आठवीतली एक मुलगी धरू, नाव सोनाली. तिला टाइप वन मधुमेह आहे, म्हणजे अंगात स्वतःचं इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही. ती जेवणाआधी झटपट काम करणारं इन्सुलिन पेनने घेते आणि रात्री एकदा दिवसभर पुरणारं. दिवसाचं सगळं मिळून ३६ युनिट. तिच्या डॉक्टरांनी १८०० ला ३६ ने भागून सांगितलंय, की जादा घेतलेलं एक युनिट तिची साखर साधारण ५० ने उतरवतं. जेवणाआधी साखर १२० च्या आसपास असावी, असंही सांगितलंय.

सुट्टीचा दिवस. पाऊण वाजता तिने सहा युनिट घेतले आणि एक वाजता दोन ज्वारीच्या भाकरी, वाटीभर आमटी, भाजी जेवली. दोन वाजता सेन्सरवर २१२, बाण तिरका वर. आईला वाटणार, १२० पाहिजे आणि ९२ अंक जास्त आहेत, म्हणजे दोन युनिट घ्यायला हवेत. आकडेमोड बरोबर आहे. निर्णय मात्र चूक ठरेल.

का? कारण पाऊण वाजता घेतलेलं इन्सुलिन संपलेलं नाही. हे झटपट इन्सुलिनसुद्धा सुमारे चार तास काम करत राहतं. ढोबळ हिशोब असा, की तासाला पाव भाग संपतो. म्हणजे दोन वाजता सहापैकी चारेक युनिट अजून अंगात आहेत आणि त्यांचा जोर आत्ता कुठे लागतोय. भाकरीची साखर आधी रक्तात आली, इन्सुलिन तिला मागून गाठतंय. जेवणानंतर तास-दीड तास वर जाणारा बाण हा बहुतेक वेळा याच शर्यतीचा असतो.

आईने काही केलं नाही तर काय होतं पाहा. दोन वीसला २३५, बाण आडवा. तीन वाजता १८५, बाण तिरका खाली. साडेचारला १३५, बाण आडवा. छान.

आता समजा दोन वाजता ते जादा दोन युनिट दिले असते. साडेचारपर्यंत त्यांनी साठेक अंक आणखी उतरवले असते. म्हणजे १३५ च्या जागी ७५, बाण खाली, आणि पाऊण युनिट अजून अंगात काम करतंय. त्यात सोनाली मैदानावर खो-खो खेळायला गेलेली. पळण्याने साखर आणखी उतरते. सहाच्या सुमाराला ती चक्कर येऊन पडली असती. मग घाईघाईने साखरपाणी, त्याने साखर पुन्हा २५०, आणि पुन्हा पेन. एका इन्सुलिनवर दुसरं चढवल्याने हा झोपाळा सुरू होतो. सेन्सर नवीन असताना हे सगळ्यात जास्त होतं, कारण पूर्वी दोन वाजता बोट टोचून कोणी पाहतच नव्हतं.

म्हणून वर जाणारा बाण दिसला की पेन उचलण्याआधी स्वतःला तीन प्रश्न विचारा. शेवटचं इन्सुलिन कधी घेतलं? शेवटचं खाणं कधी आणि किती झालं? पुढच्या दोन-तीन तासांत काय आहे, खेळ, शेतातलं काम की झोप? इन्सुलिन घेऊन तीन-चार तास झाले नसतील, तर बाण वर असला तरी थांबायचं आणि अर्ध्या तासाने पुन्हा पाहायचं.

मग इन्सुलिन वाढवायचं कधी? त्याच दिवशीची संध्याकाळ घेऊ. साडेपाचला पाहुणे आले, सोनालीने चहाबरोबर बशीभर चिवडा आणि लाडू खाल्ला, इन्सुलिन घेतलं नाही. साडेसातला, जेवणाआधी, सेन्सरवर २२०, बाण तिरका वर. शेवटचं झटपट इन्सुलिन पाऊण वाजता घेतलेलं, म्हणजे त्यातलं अंगात काही उरलेलं नाही. ही साखर आपोआप उतरणार नाही. इथे वाढवायलाच हवं.

२२० मधून १२० गेले, उरले १००. एका युनिटला ५०, म्हणजे दोन युनिट. बाण तिरका वर आहे म्हणून तिच्या डॉक्टरांनी अर्धं युनिट जादा लिहून दिलंय. जेवणाचे नेहमीचे पाच. सगळे मिळून साडेसात. अर्ध्या युनिटचं पेन नसेल तर सातच घ्यायचे, आठ नाही. शिवाय इन्सुलिन घेतल्यावर लगेच ताटावर न बसता वीसेक मिनिटं थांबायचं, म्हणजे त्याला पुढे जायला वेळ मिळतो. बाण खाली असता तर मात्र थांबायचं नाही, आणि जादा अर्ध्याऐवजी डॉक्टर उलट कमी करायला सांगतात.

रात्री साडेदहाला १८०, बाण आडवा. आईला पुन्हा वाटेल, थोडं देऊ का? साडेसातच्या इन्सुलिनचा शेवटचा भाग अजून चालू आहे आणि मुलगी आता झोपणार आहे. झोपेत साखर उतरली तर कळायला उशीर होतो. म्हणून रात्री डॉक्टर थोडी जास्त साखर चालवून घेतात. तिला झोपू द्या.

आणि रोजच दुपारी जेवणानंतर साखर २५० च्या वर जात असेल, तर रोज मागून दुरुस्त करत बसू नका. एक तर इन्सुलिन जेवणाच्या आधी पुरेसं लवकर घेतलं जात नाही किंवा जेवणाचा डोस कमी पडतोय. सेन्सरवरचा दोन आठवड्यांचा आलेख डॉक्टरांना दाखवा.

दोन वेळा मात्र थांबण्यात धोका आहे. पहिली, डोस चुकलाय किंवा उन्हाने तापलेल्या गाडीत राहिलेलं पेन वापरलंय. दुसरी, साखर तासन्‌तास २५० च्या वर आहे, बाण वरच आहे आणि सोबत उलटी, पोटदुखी, धाप किंवा खूप तहान आहे. अशा वेळी लघवीची किटोनची पट्टी तपासा. किटोन दिसले, किंवा पट्टी नसेल आणि उलट्या होत असतील, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा. इन्सुलिन पूर्ण बंद करू नका, मुलगी जेवली नसली तरी.

आता एक इशारा, कारण आपल्याकडे बऱ्याच घरांत तीस-सत्तरचं मिश्र इन्सुलिन सकाळ-संध्याकाळ घेतात. ते बाण पाहून मधेच घ्यायचं नसतं. त्यातला मोठा भाग बारा तास किंवा त्याहूनही जास्त चालतो आणि रात्री-बेरात्री साखर पाडतो. साधं रेग्युलर इन्सुलिन घेणाऱ्यांनाही तीन-चार तासांचा हिशोब लागू नाही, ते सहा ते आठ तास चालतं. नुसत्या गोळ्यांवर असाल तर वर जाणारा बाण पाहून जादा गोळी घेऊ नका. कोणत्या खाण्याने तो वर जातो, एवढं लिहून ठेवा.

पुढच्या तपासणीला जाताना कोरा कागद न्या आणि डॉक्टरांकडून चार गोष्टी लिहून घ्या. आमच्या माणसाची साखर एका युनिटने किती उतरते? जेवणाआधी आणि झोपताना किती हवी? एका डोसनंतर दुसऱ्यासाठी किती तास थांबायचं? आणि प्रत्येक बाणासाठी किती वाढवायचं किंवा कमी करायचं? सोनालीचे आकडे सोनालीचे आहेत, ते दुसऱ्या कोणाला वापरू नका. तो कागद फ्रीजवर किंवा मडक्याशेजारच्या भिंतीवर, जिथे इन्सुलिन ठेवता तिथेच चिकटवा. घरात त्या वेळी आजी असो की काका, पेन हातात घेण्याआधी तो वाचला जाईल.