सुतक नसलेला शोक

अमेरिकी शोकाभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये संपादित केलेल्या ग्रंथातून एक संकल्पना पुढे आली. तिला मराठीत ‘हक्क नाकारलेला शोक’ म्हणता येईल. जे दुःख उघडपणे सांगता येत नाही, ज्याला समाजाची मान्यता नसते आणि म्हणून ज्याला आधारही मिळत नाही, असे दुःख त्यात अभिप्रेत आहे. लपवून जपलेल्या समलिंगी सहजीवनातील जोडीदाराच्या मृत्यूला ही व्याख्या तंतोतंत लागू पडते, कारण तेथे माणूस जातो, पण कोणाचा कोण गेला हे सांगण्याची सोय नसते.

महाराष्ट्रातील अनेक हिंदू घरांत शोकाची वाटणी नात्याने ठरते. सुतक सपिंडांना, म्हणजे ठरावीक पिढ्यांपर्यंतच्या भाऊबंदांना, लागते. ते बंधन असते, तशीच ती सवलतही असते, कारण त्या दहा दिवसांत माणसाकडून कामाची वा हसऱ्या चेहऱ्याची अपेक्षा कोणी करत नाही. वृत्तपत्रातील निधनवार्तेत ‘त्यांच्या पश्चात आई, भाऊ, भावजय असा परिवार आहे’ असे छापले जाते आणि कोणाच्या घरी भेटायला जायचे, हे त्या एका ओळीवरून गावाला कळते.

पुण्यात वीस वर्षे एका घरात राहिलेल्या दोन पुरुषांची कल्पना करावी, ज्यांना शेजारी ‘रूममेट’ म्हणून ओळखत. एकाचे निधन होते, भाऊ पार्थिव गावी नेतो, आणि मागे राहिलेला दहाव्याला घाटावर मित्रमंडळींच्या रांगेत, पिंडापासून दूर उभा राहतो. कावळा लवकर शिवत नाही, तेव्हा मृताची कोणती इच्छा राहिली असेल याची नातेवाइकांत चर्चा होते. ज्याला ती ठाऊक असण्याचा संभव सर्वाधिक, त्याला कोणी विचारत नाही. पुढे भाऊ सामान न्यायला येतो, तेव्हा कपाटातला कोणता सदरा कोणाचा हे सांगणेही अवघड होते, कारण दोघे एकमेकांचे सदरे वापरत असत.

सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांमधील संमतीच्या समलिंगी संबंधांवरील गुन्ह्याचा शिक्का पुसला, परंतु १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात विवाहाचा हक्क मान्य केला नाही. बँक खात्यात जोडीदाराला नामनिर्देशित करता येते. मात्र नामनिर्देशन म्हणजे रक्कम स्वीकारण्याचा अधिकार, वारसा नव्हे, त्यामुळे मृत्युपत्र नसल्यास त्या पैशावर कायदेशीर वारस दावा करू शकतात. मृत्युपत्राने मालमत्तेचा प्रश्न बराचसा सुटतो, शोकाचा सुटत नाही.

असा शोक बाहेरून ओळखणे कठीण असते, कारण माणूस तिसऱ्या दिवशी कचेरीत हजर असतो. निद्रानाश किंवा छातीतले दडपण घेऊन तो डॉक्टरकडे गेला, तरी ‘घरात कोणी गेले का’ या प्रश्नाला त्याला ‘नाही’ असेच उत्तर द्यावे लागते. वर्षश्राद्ध गावी पुतण्या तिथीने करतो. ती तिथी मागे राहिलेल्याला कोणी कळवत नाही, म्हणून तो इंग्रजी तारीख धरतो आणि त्या दिवशीच्या रजेच्या अर्जात ‘घरगुती काम’ असे लिहितो.