एका कानाचा इअरबड मुका का होतो?

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत, पोलाद कारखान्यांच्या आसपास इअरबड वापरणाऱ्यांची एक तक्रार असते: फोनला जोडणी होते, पण एक बाजू गप्प. इअरबडमध्ये आणि त्याच्या डबीत चुंबक असतात, त्यांना लोखंडाची बारीक भुकटी चिकटते. डबीतल्या पितळी रंगाच्या टाचण्यांवर ती साचली, की तो इअरबड चार्जच होत नाही. डबीत ठेवल्यावर त्याचा दिवा लागत नसेल, तर कोरड्या कापसाच्या काडीने टाचण्या पुसा. जाळीवरची भुकटी चिकटपट्टीने उचला. फुंकर मारू नका, भुकटी आत जाते.

दिवा लागतो, तरीही आवाज नाही? मग दोन इअरबडची आपसातली जोडी तुटलेली असू शकते. आधी फोनमधून जुनी जोडणी काढा, दोन्ही डबीत ठेवा आणि माहितीपत्रकात सांगितल्याप्रमाणे बटण दाबून रीसेट करा. जोडणी न काढता रीसेट केलं, तर फोन जुनीच ओळख धरून बसतो.

आवाज तुटक येत असेल, तर फोन दुसऱ्या खिशात ठेवून बघा. ब्लूटूथच्या २.४ गिगाहर्ट्झ लहरी अंगातल्या पाण्यात शोषल्या जातात. घरी वायफायही त्याच लहरींवर असेल, तर फोन ५ गिगाहर्ट्झच्या वायफायला जोडा.