रजेचा पगार: एक महिना की बारा आठवडे?

देहूरोडपासून चाकणपर्यंतच्या कारखान्यांत तासावर राबणाऱ्या कामगाराला हक्काची रजा मिळते, तेव्हा त्या दिवसांचे पैसे कोणत्या दराने द्यायचे? 1948 च्या कारखाने कायद्याच्या 80 व्या कलमाने याचं उत्तर दिलं होतं. रजेच्या आधीच्या महिन्यात जेवढे दिवस प्रत्यक्ष काम झालं, त्या दिवसांच्या मिळकतीची रोजची सरासरी काढायची. महागाई भत्ता धरायचा, ओव्हरटाइम आणि बोनस सोडायचा. एक महिना धरला काय की बारा आठवडे, बांधलेल्या पगाराच्या माणसाला फरक पडत नाही. तासावरच्या माणसाला पडतो. समजा दर तासाला 80 रुपये आहे. आठ आठवडे रोज आठ तास काम मिळालं, मग मोटार कंपनीची मागणी घटली आणि पुढचे चार आठवडे पाच तासांतच सुट्टी होऊ लागली. आता आषाढात पालखीबरोबर जायला त्याने बारा दिवसांची रजा घेतली. शेवटच्याच महिन्यावर हिशेब केला तर रोजचे 400, म्हणजे एकूण 4,800 रुपये. बारा आठवडे धरले तर 72 दिवसांत 504 तास आणि 40,320 रुपये, म्हणजे रोजचे 560 आणि रजेचे 6,720 रुपये. त्याच माणसाच्या त्याच रजेत 1,920 रुपयांचा फरक.

कोणी म्हणेल, आधीचा महिना तेजीचा असेल तर कामगाराचाच फायदा होईल. होईल, पण थोडाच, कारण तेजीतला ओव्हरटाइम त्या कलमाने आधीच वगळला होता. मंदीतले कापलेले तास मात्र पुरते मोजले जातात. शिवाय काम थंडावलं की रजा चटकन मंजूर होते, भरात असलं की अर्ज मागे राहतो. त्यामुळे हिशेबात पडता महिना येण्याचाच संभव जास्त. तीन महिन्यांची सरासरी आपल्याकडे नवीनही नाही. मुंबई दुकाने व संस्था कायदाही 1948 चाच. त्याच्या 36 व्या कलमात रजेच्या पगारासाठी मागचे तीन महिने धरले होते. 1972 च्या ग्रॅच्युइटी कायद्यातही नगावर काम करणाऱ्याचा रोज तीन महिन्यांच्या सरासरीनेच काढला होता. दुकानातल्या नोकराला जे लागू करता आलं, ते कारखान्यात अवघड का ठरावं? हजेरी आणि पगारपत्रक ठेवावंच लागतं. वाढते ती बेरीज फक्त.

अधिक वजनदार आक्षेप वेगळा आहे. ब्रिटनमध्ये बाराच आठवड्यांची पद्धत होती. एप्रिल 2020 पासून तिथे 52 आठवडे धरतात, कारण हंगामी कामगाराचे बारा आठवडेही नेमके पडत्या काळातले असू शकतात. हे खरं आहे. तरीही आपल्या पट्ट्यात मी बाराच आठवडे मागेन. इथे ठेकेदार बदलतो तसे जुने कागद हाती लागेनासे होतात, आणि वर्षभराची बेरीज ठेकेदार सांगेल तीच मानावी लागते. तीन पगारचिठ्ठ्या मात्र कामगाराला जपून ठेवता येतात. त्यांवरचे तास, दिवस आणि ओव्हरटाइम वेगळे छापलेले असले, तर आपल्या रजेचा दर बरोबर लावला आहे की नाही, हे त्याला घरी बसून ताडून पाहता येईल.