लगीनसराईची कमाई, चातुर्मासाची सोय

घरच्या पगाराला जोड म्हणून मेंदी काढणाऱ्या एका ताईंचा हिशेब पाहू. एप्रिल-मे म्हणजे लगीनसराई, हात रिकामा नाही. आषाढात चातुर्मास लागला की लग्नं थांबतात. श्रावणात मंगळागौरीची थोडी कामं येतात, तेवढीच.

मे महिन्यात त्यांना २२ हजार मिळाले. कोन, तेल, रिक्षा यांचे दोन हजार वजा केले, उरले २० हजार. यातले घरात किती द्यायचे? गेल्या वर्षीची सरासरी महिना आठ हजार होती. त्यांनी स्वतःचा ‘पगार’ धरला सहा हजार. सरासरीइतका धरला असता, तर हंगाम जरा मंदावताच गणित कोसळलं असतं. म्हणजे मेचे १४ हजार बाजूला पडले. आषाढात दीडच हजार मिळाले, तेव्हा साठ्यातून साडेचार हजार काढले. असे पाच महिने धरले, तर चातुर्मासाआधी साडेबावीस हजार साठलेले हवेत.

हा पैसा वेगळ्या बचत खात्यात ठेवावा आणि ते खातं मोबाइलच्या यूपीआयला जोडू नये. आवर्ती ठेव इथे अडचणीची ठरते, कारण तिचा हप्ता मंदीतही भरावाच लागतो. आगाऊ घेतलेली रक्कमही काम होईपर्यंत कमाईत धरू नये. लग्न पुढे ढकललं, तर ती परत द्यावी लागू शकते.

दोन मंद महिन्यांतच निम्मा साठा संपला, तर दिवाळीची वाट न पाहता ‘पगार’ लगेच पाच हजारांवर आणावा.