वास्तुशांतीचे दोन शब्द



वैशाख लागला की माजलगावच्या आसपासच्या गावांत लग्नांच्या जोडीला वास्तुशांती निघतात. कारखान्यांचा पट्टा पडलेला असतो, ऊसतोडीच्या टोळ्या गावी परतलेल्या असतात. वर्षभर रखडलेला गिलावा आणि फरशी उरकून लोक मुहूर्त काढतात. होम आटोपतो, पंगत बसायची असते, तेवढ्यात यजमान जवळ येऊन म्हणतो, "गुरुजी, दोन शब्द बोला." शिक्षक म्हणून आयुष्य याच तालुक्यात गेल्यामुळे हे दोन शब्द मला पुष्कळदा बोलावे लागले. आज मी त्यांच्याविषयीच बोलणार आहे.

अशा वेळी आपण सहसा भरभराट मागतो. वरचा मजला चढो, दारात गाडी येवो. यात वाईट काही नाही, पण ज्या विधीसाठी आपण जमलो, तो विधी काही वेगळेच सांगत असतो. मत्स्यपुराणातली कथा अशी आहे की, अंधकासुराशी लढताना शंकराच्या घामातून एक अक्राळविक्राळ प्राणी जन्मला. त्याची भूक इतकी की तो त्रैलोक्य गिळायला निघाला. देवांनी मिळून त्याला जमिनीवर पालथा पाडला आणि जो तो त्याच्या अंगावर ठाण मांडून बसला. तेव्हा तो म्हणाला, मला असे दाबून ठेवलेत, आता मी खाऊ काय? देवांनी त्याला वास्तूच्या बलीचा वाटा लावून दिला. हाच वास्तुपुरुष. एक्क्याऐंशी पदांच्या मंडलावर आपण जे पंचेचाळीस देव मांडतो, ते त्याच्या अंगावर बसलेले देव. त्याची लहानशी प्रतिमा आपल्याकडे बहुधा आग्नेय कोपऱ्यात पालथी पुरतात आणि सणावाराला त्या जागी नैवेद्य ठेवतात.

संकल्पात आणखी एक गोष्ट येते. घर बांधताना जमीन खणली, दगड फोडले, झाडे तोडली, किडामुंगी मेली, त्या सगळ्याच्या दोषाचे निवारण व्हावे, असे यजमान म्हणतो. म्हणजे नव्या घरात पाऊल टाकताना पहिली आठवण काढायची ती या घरापायी ज्यांना त्रास झाला त्यांची. आणि शांती कशी होते, तर जो दबलेला आहे त्याला जागा आणि वाटा देऊन. मला आशीर्वादाचा सगळा मजकूर इथेच सापडतो. या घरात दबलेले कोण आहे, भुकेले कोण आहे, हे आधी पाहावे आणि मग बोलायला उभे राहावे.

एक घर डोळ्यांपुढे धरू. सिंदफणेवर धरण झाले, कालव्याच्या पाण्यावर ऊस उभा राहिला, तरी आपल्या जिल्ह्यातली माणसे कोयता घेऊन बाहेर जायची थांबली नाहीत. असेच एक जोडपे. दोघे मिळून एक कोयता धरला जातो, उचल दोघांच्या अंगमेहनतीवर मिळते, पण मुकादमाशी बोलणी होतात नवऱ्याची. घरकुलाचे १ लाख २० हजार हप्त्याहप्त्याने आले. त्यातून २५ चौरस मीटरचे घर उभे राहते. यांनी पुढे ओटा आणि मागे एक खोली वाढवली आणि तो खर्च उचलीतून केला. म्हणजे येत्या हंगामाची मजुरी भिंतीत गेली आहे. दिवाळीच्या सुमारास पुन्हा फडावर जायचे, कोपीत राहायचे आणि या नव्या घरात मागे राहणार म्हातारी आई आणि दोन नातवंडे. थोरली नववीत आहे.

आता या घरात मी काय बोलेन? आधी काही पथ्ये सांगतो. घरच्या बायका आत भाकरी-भाजीच्या धबडग्यात असतात. त्या बाहेर येऊन बसल्याशिवाय तोंड उघडू नये. पाच मिनिटांच्या वर बोलू नये. जोडपे सकाळपासून उपाशी असते, धुराने डोळे चुरचुरत असतात. सुनेला सासू-सासऱ्यांच्या सेवेचा उपदेश करू नये, तो तिने जन्मभर ऐकलेला असतो. आणि कर्जाचा आकडा माहीत असला तरी चारचौघांत उच्चारू नये. यजमानाने मान खाली घातली, तर समजावे की आपण नको तिथे हात घातला आहे. अशा वेळी विषय सोडून थेट आशीर्वाद द्यावा आणि बसावे.

मी साधारण असे बोलेन:

"बाबा, सूनबाई, इकडे जवळ बसा. मावशी, तुम्ही मध्ये या. आज तुम्ही वास्तुपुरुषाला त्याची जागा दिलीत, त्याचा वाटा दिलात. आता घरातल्या माणसांचाही वाटा लावून द्या. मावशीची खाट दाराशी असू द्या, तिला गल्लीत येणारे-जाणारे दिसले पाहिजेत. सहा महिने या घराची राखण तीच करणार आहे. लेकीला खिडकीजवळची जागा द्या, तिथे दिवा लावा. तिचे दप्तर त्या जागेवरून हलवायचे नाही, पाहुणे आले तरी. तुम्ही फडावर गेलात की तिने शाळा सोडून धुणी-भांडी करायची नाहीत आणि अठराच्या आत तिच्या लग्नाचा विषय या घरात निघायचा नाही. गावात हंगामी वसतिगृह निघाले तर मुलांची नावे आधी तिथे द्या. बाबा, या भिंतींत सूनबाईचा घाम तुझ्याइतकाच आहे. ग्रामपंचायतीच्या नमुना आठला तुझ्या नावाशेजारी तिचे नाव लागले आहे का, ते या आठवड्यात बघून ये. उचल किती घेतली, किती फिटली, हे तिला तोंडपाठ असू दे. हिशोब दोघांना माहीत असला की रात्रीची भांडणे निम्मी होतात. वास्तू तथास्तु म्हणते, असे आपल्या आया सांगत आल्या. म्हणून या घरात मेलं, जळलं असे शब्द पोरांवर टाकू नका. राग आला तर ओट्यावर जाऊन बसा. तुमचे अन्न पुरून उरो, तुमच्या दारातून कोणी अपमान घेऊन न जावो, लेकरांना झोप शांत लागो."

एवढेच. मोजून पाहा, पाच मिनिटेही लागत नाहीत.

या बोलण्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. आशीर्वादाने उचल फिटत नाही आणि दारू सुटत नाही. काही घरे बाहेरून फार शांत दिसतात, कारण आतल्या बाईला आवाज काढायची सोय नसते. मुले दाराचा आवाज होताच दचकतात, बाई विचारल्याचे उत्तर नवऱ्याकडे बघून देते, एवढ्यावरून ओळखू येते. तिथे उभे राहून सबुरीचा उपदेश करणे हे पाप आहे, असे मी स्पष्ट म्हणतो. तिथे सर्वांसमोर गोड बोलावे आणि नंतर घरातल्या एखाद्या जाणत्या बाईमार्फत तिच्या कानावर घालावे की २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याने तिला या घरात राहण्याचा हक्क आहे. घर कोणाच्याही नावावर असो, कायद्याची वाट सोडून तिला बाहेर काढता येत नाही. संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार देता येते.

तुमच्यापैकी अनेकांना या वैशाखात कुठे ना कुठे बोलायला उभे करतील. तेव्हा आदल्या दिवशी एकदा त्या घरी जाऊन या. चहा घ्या, म्हातारी कुठे बसते ते बघा, मुलांची वह्या-पुस्तके कुठे ठेवली आहेत ते बघा, आणि सूनबाईला विचारा की या घरात तुला काय हवे आहे. ती बहुधा आधी काहीच बोलणार नाही. जरा थांबा, ती सांगते.