मासा आणण्याआधीचे पाच आठवडे

मी रसायनशास्त्राचा निवृत्त मास्तर, मत्स्यतज्ज्ञ नव्हे. तरी आयोजकांनी मला 'घरातला पहिला मासा' हा विषय दिला, त्याला कारण माझी नात. तिला मी दुकानातून एक फायटर आणून दिला, गोल बरणीत, खाली रंगीत खडे. रोज सकाळी बरणीतलं सगळं पाणी बदलायचो. खडे घासून धुवायचो. नवव्या दिवशी मासा गेला. पाणी आरशासारखं स्वच्छ होतं, म्हणूनच मला राहवेना.

माशाची घाण आपल्याला दिसत नाही, कारण ती पाण्यात विरघळलेली असते. मासा कल्ल्यांवाटे सतत अमोनिया टाकत असतो. नदीत तो वाहून जातो, बरणीत साठतो. अमोनिया खाऊन त्याचं नायट्राइट करणारे जिवाणू असतात आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे दुसरे असतात. अमोनिया कल्ले जाळतो, नायट्राइट रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद काढून घेतं. नायट्रेट मात्र बऱ्यापैकी निरुपद्रवी, ते आठवड्याला थोडं पाणी बदलून काढता येतं. हे जिवाणू पाण्यात तरंगत नाहीत, खड्यांवर, काचेवर, फिल्टरच्या स्पंजात चिकटून राहतात. म्हणजे मी रोज सकाळी नळाखाली नेमकं काय घासून टाकत होतो, ते तुमच्या लक्षात आलं असेल.

फायटर बरणीत जगतो ही समजूत का पसरली, तेही सांगतो. त्याच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर एक चक्रव्यूहासारखा अवयव असतो, त्यातून तो वर येऊन हवेतला प्राणवायू घेतो. म्हणून प्राणवायू कमी असलेल्या पाण्यात तो इतर माशांपेक्षा जास्त टिकतो. अमोनियापुढे त्या अवयवाचा काही उपयोग नाही. आणि त्याच्यामुळे आपली फसगतही होते. दुसरा मासा पृष्ठभागावर तोंड मारायला लागला की संकट ओळखता येतं, फायटर तर नेहमीच वर येतो. त्याचे पर अंगाला चिकटले, तो तळाशी पडून राहिला, दाणा तोंडात घेऊन थुंकू लागला, की समजायचं.

दुसऱ्या वेळी मी घाई केली नाही. दीड फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशी टाकी घेतली. आतली मापं 45, 30, 30 सेंटिमीटर, म्हणजे काठोकाठ 40 लिटर. खडे आणि वरची मोकळी जागा वजा केली की 32 लिटर पाणी. वरची जागा सोडायचीच, फायटरला हवा हवी, आणि वर झाकणही हवं, कारण तो उडी मारतो. आत एक स्पंज फिल्टर, त्याला हवेचा छोटा पंप. मोठी टाकी पहिल्यांदा कशाला, असं लोक विचारतात. उलट आहे. एक दाणा जास्त पडला तर चार लिटरच्या बरणीत जेवढा फरक पडतो, त्याचा आठवा हिस्सा 32 लिटरमध्ये पडतो.

आता जिवाणू वाढवायचे तर त्यांना अमोनिया द्यायला हवा, आणि तो माशाकडून घ्यायचा नाही. नवसागर आठवतो? कल्हईवाला भांड्यावर टाकायचा, पांढरा धूर निघायचा. तेच अमोनियम क्लोराइड. बाजारच्या खड्यात काय मिसळलेलं असेल सांगता येत नाही, म्हणून प्रयोगशाळेच्या दर्जाचं घेतलं. 2 ग्रॅम 100 मिलिलिटर पाण्यात विरघळवलं. त्यातलं 10 मिलिलिटर टाकलं की 32 लिटर टाकीत लिटरमागे 2 मिलिग्रॅम अमोनिया होतो. पहिल्या दिवशी टाकलं, वही घेतली, थेंब टाकून रंग पाहण्याची चाचणीपेटी घेतली.

आठ दिवस काहीही नाही. नातीचा रोजचा प्रश्न, "आजोबा, आपण पाणी पाळलंय का?" नवव्या दिवशी नायट्राइटच्या नळीत फिकट जांभळा रंग आला. सोळाव्या दिवशी अमोनिया संपला, मी दुसरा डोस दिला, तो चार दिवसांत संपला. विसाव्या दिवशी तिसरा. आणि तिथे गाडी अडकली. चोवीस, पंचवीस, सव्वीस, अमोनियाचा हिरवा रंग हलेना. जिवाणू मेले, असं मला वाटलं.

मेले नव्हते, उपाशीही नव्हते. पाणी आंबट झालं होतं. अमोनियाचं नायट्राइट होताना आम्ल तयार होतं, आणि ते पाण्यातला बायकार्बोनेट खाऊन टाकतं. आमची विहीर जांभ्यातली, पाणी मऊ. त्यात बायकार्बोनेट मुळात थोडा, माझ्या मापाने लिटरमागे 30 मिलिग्रॅमच्या आसपास. एक डोस पचवायला साधारण 12 लागतो. हिशेब तुम्हीच करा, तिसऱ्या डोसच्या मध्यावर शिल्लक शून्य. पीएच 6 च्या खाली आला की हे जिवाणू जवळजवळ काम थांबवतात. देशावर बोअरचं जड पाणी वापरणाऱ्यांना ही अडचण सहसा येत नाही.

3 ग्रॅम खायचा सोडा विरघळवून टाकला. दोन दिवसांत हिरवा रंग उतरायला लागला. पुन्हा तीच पाळी येऊ नये म्हणून तिसऱ्यांच्या शिंपल्या उकळून, घासून, ठेचून मूठभर स्पंजाशेजारी ठेवल्या. पाणी आंबट होईल तसतशा त्या विरघळतात. इथे एक सावधगिरी. मासा आत असताना आणि अमोनिया साठलेला असताना सोडा टाकू नका. पीएच 7 ला अमोनियाचा अर्धा टक्काच विषारी रूपात असतो, 8 ला तो पाच टक्क्यांवर जातो. तीच चाचणी, तोच रंग, विष दहापट. मासा असेल तर आधी पाणी बदलायचं.

पस्तिसाव्या दिवशी दिलेला डोस चोवीस तासांत संपला, अमोनिया शून्य, नायट्राइटही शून्य. हीच टाकी तयार झाल्याची खूण, दिवस मोजून ते कळत नाही. ओळखीच्या निरोगी टाकीतला स्पंजाचा तुकडा मिळाला तर विरजणासारखं काम होतं, एक-दोन आठवडे पुरतात. पण त्या टाकीतला रोगही येतो, तेव्हा कोणाकडून घेता ते पाहा. मग साठलेलं नायट्रेट काढायला अर्ध्याहून जास्त पाणी बदललं आणि दुसऱ्या दिवशी फायटर आणला. एकच, नर. दोन नर एका टाकीत ठेवायचे नाहीत.

पुढचं काम थोडं आहे. दिवसातून दोनदा तीन-चार दाणे. आठवड्याला आठ लिटर पाणी बदलायचं, नवं पाणी टाकीच्या तापमानाचं हवं. नळाचं असेल तर क्लोरिन मारणारं औषध टाकायचं, क्लोरिनने जिवाणूही मरतात. स्पंज तुंबला की टाकीतून काढलेल्याच पाण्यात दोनदा पिळायचा, नळाखाली कधीच नाही. त्यातून गढूळ तपकिरी पाणी निघतं. पहिल्यांदा ते पाहून माझी बायको म्हणाली, "इतकं घाणेरडं, आणि तुम्ही म्हणता स्वच्छ टाकी?" आता ती ते पाणी बादलीत धरून थेट परसातल्या अळूला घालते.