‘हेंच’ म्हणजे कोणती भाषा?



पेडणे आणि डिचोलीत मुलाखती घेतल्या की रेकॉर्डिंग उतरवताना एक अडचण येते. मराठी-इंग्रजीची सरमिसळ लगेच ओळखू येते. मराठी-कोंकणीची नाही, कारण दोन्हींची लिपी देवनागरी आणि निम्मे शब्द सारखे. ‘घर’, ‘पाणी’ ऐकून भाषा ठरवता येत नाही. ती क्रियापदावरून आणि प्रत्ययांवरून ओळखायची: ‘आहे’ की ‘आसा’, ‘मला’ की ‘माका’.

पेडण्यातल्या एका आजींचं बोलणं बघा. मी विचारलं होतं मराठीत.

“शिरगणतीचो मनीस आयलो. म्हणाला, ‘तुमची मातृभाषा कोणती?’ मी सांगितलं, ‘मराठी.’ पूण घरांत आमी हेंच उलयतांव.”

सरकारी माणूस बोलतो ते मराठीत, आजी त्याला उत्तर देतात तेही मराठीत. त्याच्या आधीचं आणि नंतरचं घरच्या बोलीत. आता ‘वाचायला सोपं’ म्हणून सगळं प्रमाण मराठीत केलं, तर शेवटचं वाक्य होतं, “पण घरात आम्ही हेच बोलतो.” म्हणजे काय? तर मराठीच! आजींचं ‘हेंच’ त्या बोलत होत्या त्या बोलीकडे बोट दाखवत होतं. शुद्धलेखन केलं आणि अर्थ उलटला. सगळं कोंकणी केलं तर आजींनी मराठी निवडली, तीही मराठीत सांगून, हे दिसेनासं होतं.

म्हणून मी दोन रकाने ठेवते. पहिल्यात कानाला आलं तसं, दुसऱ्यात मराठी अर्थ. विश्लेषण पहिल्यावरच. माझा प्रश्न कुठल्या भाषेत होता तेही लिहिते, कारण माणसं विचारणाऱ्याच्या भाषेकडे झुकतात, पहिली काही मिनिटं तर फारच.

खरी भानगड नाव देताना होते. हीच फीत सावंतवाडीचा मित्र ‘मालवणी, म्हणजे मराठीच’ म्हणून खूण करील, मडगावची मैत्रीण ‘कोंकणी’ म्हणून. कान दोघांचेही ठीक. पण १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोंकणीला राजभाषा केलं आणि मराठीला सरकारी कामकाजात वापराची मुभा दिली, त्यावरचा वाद अजून चालूच आहे. आपण ज्याचा अभ्यास करतोय तोच वाद खुणेतच मिटवून टाकला, तर पुढे मोजणार काय? मी ‘आसा-रूप’, ‘आहे-रूप’ आणि ‘ठरत नाही’ एवढंच लिहिते. तिसरा गट मोठा भरतो, भरू दे. बोलीला काय म्हणता, हे बोलणाऱ्यालाच विचारते, मुलाखतीच्या शेवटी. आधी विचारलं की माणूस सावध होतो आणि पुस्तकी बोलू लागतो.

एक व्यवहाराची गोष्ट. फाइलमध्ये ‘पाहिजे’ शोधलंत तर ‘जाय’ म्हणणारे सुटतात, ‘भाषा’ शोधलंत तर ‘भास’ म्हणणारे. मागण्या मोजायच्या असतील तर दोन्ही रूपांची यादी आधी करा, नाहीतर मराठीत बोलणाऱ्यांच्याच मागण्या जास्त भरतील.